निवृत्त होणाऱ्या सहकारी बाईंसाठी रोमानियन भाषेतला टोस्ट: शब्द, विरामचिन्हे आणि सूर

प्रश्न: मी पुण्याचा, रोमानियात तिमिश्वाराला नोकरी करतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक ज्येष्ठ बाई 22 वर्षांनंतर निवृत्त होत आहेत (नाव इथे मारिया धरा). ग्लास उंचावून चार वाक्ये मला बोलायची आहेत आणि तीच कार्डावर छापायची आहेत. कोश बघून हा मसुदा केला: „द्रागा द्वाम्ना मारिया आस्तझ् प्लेकात्स् दिन्त्रे नोय ला रेत्राजेरे. दुपऽ 22 आन् दे आक्तिविताते देपुसऽ इन काद्रूल कोम्पानिएय, आत्स् फोस्त कोलेगऽ बत्रिनऽ शि तोवारशऽ, मेरेउ आतेन्ते कु तोत्स्. वऽ मुल्त्सुमेस्क द्वाम्ना मारिया पेन्त्रु कोन्त्रिबुत्सिया. वऽ दोरीम ओदिह्नऽ शि द्रूम लीन. नु वऽ वोम उइता निचोदातऽ.” पहिल्या हिवाळ्यात, मी मांस खात नाही हे कळल्यावर, त्यांनी मला झाकुस्काची बरणी आणून दिली होती. पण ते समारंभात सांगणे किरकोळ वाटले, म्हणून घेतले नाही. शब्द, विरामचिन्हे आणि सूर तपासून द्याल का?

उत्तर:

मसुद्यातल्या तीन जागा आजच बदला, कारण त्या जशाच्या तशा वाचल्या तर समोरच्यांना तो श्रद्धांजलीचा मजकूर वाटेल.

पहिली जागा „प्लेकात्स् दिन्त्रे नोय”. मनात मराठी वाक्य असणार, „आज तुम्ही आमच्यातून जात आहात”. मराठीत „ते आमच्यातून गेले” म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पोटात जसे धस्स होते, तसेच रोमानियनमध्ये „आ प्लेकात दिन्त्रे नोय” ऐकल्यावर होते. नुसते „प्लेआकऽ”, म्हणजे जाते, निघते, हे निरुपद्रवी आहे. त्याला „दिन्त्रे नोय”, आमच्यामधून, जोडले की माणूस वारल्याची बातमी होते. „ने-आ परसीत”, आम्हांला सोडून गेली, याचाही वास तोच, म्हणून बदली शब्द शोधताना तिकडेही वळू नका.

दुसरी जागा „ओदिह्नऽ शि द्रूम लीन”. दमलेल्या माणसाला विश्रांती चिंतण्यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही. पण रोमानियात वारलेल्या माणसाबद्दल बोलताना „देव तिला विश्रांती देवो” या अर्थाचे वाक्य म्हणतात, आणि त्यातले क्रियापद याच ओदिह्नऽचे आहे. शनिवार-रविवारी आराम करा म्हणताना हा शब्द चालतो. 22 वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सगळे उभे असताना, तो चालत नाही. „द्रूम लीन” तर त्याहून स्पष्ट आहे. शब्दशः शांत, सुरळीत वाट. आज हा शब्दप्रयोग प्रामुख्याने दिवंगतांसाठी वापरतात, शोकसंदेशांखाली तो ओळीने दिसतो. प्रवासाला निघालेल्याला म्हणतात ते „द्रूम बून”, आणि मारियाबाई प्रवासालाही निघालेल्या नाहीत, तेव्हा वाटेचा उल्लेखच काढून टाका.

तिसरी जागा शेवटचे वाक्य, „आम्ही तुम्हांला कधीही विसरणार नाही”. व्याकरण निर्दोष आहे, पण हे थडग्यावरच्या पट्टीवरचे आणि वर्तमानपत्रातल्या शोकचौकटीतले वाक्य आहे. सुटे आले असते तर कदाचित खपले असते. वरच्या दोन गोष्टींच्या पाठोपाठ आल्यावर कोणालाच शंका उरणार नाही.

आता निवृत्तीचा शब्द. „रेत्राजेरे” म्हणजे मागे हटणे, माघार. सैन्य करते ते, किंवा उमेदवार अर्ज मागे घेतो ते. कोशात इंग्रजी शब्दावरून शोधले की हा वर येतो. रोमानियन माणूस निवृत्तीला „पेन्सिओनारे” म्हणतो, तोही कागदोपत्री. बोलताना „येसे ला पेन्सिये”, ती पेन्शनवर निघते, असेच म्हणतात. टोस्टमध्ये हेच घ्या.

„कोलेगऽ बत्रिनऽ” म्हणजे म्हातारी सहकारी. जुनी, पुष्कळ वर्षांची सहकारी म्हणायचे असेल तर विशेषण „वेके” आणि तेही नामाच्या आधी: „ओ वेके कोलेगऽ”. बत्रिनऽ वयाला लागते, वेके नात्याच्या कालावधीला. पण वर्षांचा आकडा वाक्यात येणारच आहे, तेव्हा मी दोन्ही विशेषणे गाळतो.

„तोवारशऽ” तुम्ही सोबती या अर्थाने घेतले आहे. कोशाच्या मते बरोबर, पण साम्यवादी राजवटीत, 1989 पर्यंत, ही सरकारी संबोधनाची सक्तीची पद्धत होती: शाळेतल्या बाई, कारखान्यातला साहेब, सगळे „तोवारश” आणि „तोवारशऽ”. आज निवृत्त होणाऱ्या बाईंचे शिक्षण त्याच काळात झाले आहे. त्यांना या शब्दाने सोबत आठवणार नाही, सभा आठवतील. त्याच्या जागी „प्रिएतेनऽ”, मैत्रीण, चालेल, पण नाते खरोखर तसे असेल तरच.

आता तुमच्या मसुद्यातली मला सर्वांत रंजक वाटलेली चूक, कारण ती मराठी माणसालाच होते. „आत्स् फोस्त मेरेउ आतेन्ते”, तुम्ही नेहमी काळजी घेणाऱ्या होतात. रोमानियनमध्ये तू म्हणजे „तू”च, अगदी आपलाच. आदराने „दुम्न्यावोआस्त्रऽ”, आणि त्याचे क्रियापद अनेकवचनी. मधे „दुम्न्याता” नावाचे एक रूपही आहे, पण आज कचेरीत ते खेडवळ किंवा किंचित वरून बोलल्यासारखे लागते, त्याला हात लावू नका. बाईंशी तुम्ही रोज „दुम्न्यावोआस्त्रऽ”ने बोलता असे धरतो. म्हणजे „आत्स् फोस्त”, तुम्ही होतात, हे बरोबर. पण विशेषण आले की दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठीत आपण एकाच बाईंना „तुम्ही किती चांगल्या आहात” म्हणतो. आदर आला की विशेषणही अनेकवचनात जाते. रोमानियनमध्ये क्रियापद अनेकवचनी राहते आणि विशेषण प्रत्यक्ष माणसे मोजते. बाई एक, म्हणून „आतेन्तऽ”. „आतेन्ते” म्हटले की ऐकणारा दुसरी बाई कुठे आहे ते शोधतो. हाच नियम „सनतोआसऽ” (निरोगी), „बुनऽ” (चांगली), सगळ्यांना. पुरुष सहकारी असता तर „आतेन्त”.

संख्येचेही एक आहे. 22 आकड्यात लिहिले की वाचताना मधला „दे” विसरतो. 1 ते 19 पर्यंत संख्येनंतर थेट नाम येते, 20 ते 100 पर्यंत मधे „दे” लागतो. „दोवझेच शि दोय दे आन्”, बावीस वर्षे. कार्डावर ही संख्या अक्षरांत छापा, म्हणजे वाचताना जीभ अडखळणार नाही.

आता सुराकडे. „आक्तिविताते देपुसऽ इन काद्रूल”, अमक्याच्या चौकटीत केलेले कार्य, या थाटाच्या भाषेला रोमानियात „लिंबऽ दे लेम्न” म्हणतात, लाकडी भाषा. अहवालांतली, भाषणांतली, कोणाच्याही तोंडी बसणारी आणि कोणाबद्दलच काही न सांगणारी. „कोन्त्रिबुत्सिया”, योगदान, हाही त्याच पेटीतला शब्द, आणि तुमच्या वाक्यात तो अर्धवट लोंबकळतो. „पेन्त्रु” नंतर निश्चित रूप घेतले की योगदान कोणाचे हे सांगावे लागते: „कोन्त्रिबुत्सिया दुम्न्यावोआस्त्रऽ”. पण दुरुस्त करण्यापेक्षा काढलेले बरे. विशेषणे आणि भाववाचक नामे वाढवून ऊब येत नाही. ती एका प्रसंगाने येते, आणि तो प्रसंग तुमच्याकडे आहे. झाकुस्काची बरणी किरकोळ नाही, तुमच्या टोस्टचा जीवच ती आहे.

रोमानियात शरदात घराघरांत वांगी आणि लाल मिरच्या भाजून, कांदा-टोमॅटोबरोबर तासन्‌तास शिजवून झाकुस्का करतात आणि बरण्या भरून हिवाळ्यासाठी ठेवतात. ती बिनमांसाची असते, उपवासाच्या दिवसांतही चालते. एवढ्या खटपटीची बरणी बाईंनी परक्या मुलाला आणून दिली, तीही तो काय खात नाही हे लक्षात ठेवून. हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरी ही बरणी आहे. हे वाक्य ऐकून सगळे हसतील आणि बाईंचे डोळे भरतील. योगदानाच्या वाक्याने यातले काहीही होणार नाही.

त्याला जोडून बाईंच्या तोंडचे एखादे वाक्य घ्या. मी खाली „लासऽ कऽ रेझोल्वऽम”, राहू दे, बघू आपण, हे धरले आहे, कारण रोमानियन कचेरीत हे पुष्कळांच्या तोंडी असते. तुमच्या बाई दुसरे काही म्हणत असतील तर तेच घाला, शब्द न बदलता. कोणाच्याही नावावर न म्हटलेले वाक्य खपवू नका, सहकाऱ्यांना लगेच कळते.

कार्डावर टाइप करायचा मजकूर असा:

```
Dragă doamnă Maria, dragi colegi,

De douăzeci și doi de ani, când se strică ceva
în laborator, cineva spune: „S-o întrebăm pe
doamna Maria!” Iar dumneavoastră răspundeți
mereu la fel: „Lasă că rezolvăm!” Și chiar rezolvați.

În prima mea iarnă la Timișoara mi-ați adus
un borcan de zacuscă, fiindcă aflaserăți că nu
mănânc carne. De atunci nu m-am mai simțit străin.

Acum ieșiți la pensie. Vă mulțumim, doamnă Maria,
că ați fost mereu atentă cu noi. Vă dorim sănătate
și timp pentru grădină, iar ușa noastră vă rămâne
deschisă.

Să ne trăiți! Noroc!
```

मराठीत याचा आशय: प्रिय मारियाबाई, प्रिय सहकाऱ्यांनो, बावीस वर्षे प्रयोगशाळेत काही बिघडले की कोणीतरी म्हणते, „मारियाबाईंना विचारू!” आणि तुमचे उत्तर नेहमी तेच, „राहू दे, बघू आपण!” आणि खरेच मार्ग काढता. तिमिश्वारातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला झाकुस्काची बरणी आणून दिलीत, कारण मी मांस खात नाही हे तुम्हांला कळले होते. तेव्हापासून मला कधी परके वाटले नाही. आता तुम्ही पेन्शनवर निघता. नेहमी आमची काळजी घेतलीत, त्याबद्दल आभार. तुम्हांला आरोग्य लाभो, बागेसाठी वेळ मिळो, आणि आमचे दार तुम्हांला उघडेच आहे.

बाग मी गृहीत धरली आहे. त्यांना मासेमारी आवडत असेल, नातवंडे असतील, तर तो शब्द बदला.

बोलण्यासाठी देवनागरी. शब्दात „ऽ” दिसेल तिथे आपला „अ” पुरता उच्चारायचा, गिळायचा नाही. तो रोमानियन स्वर आपल्या अ-च्या फार जवळ आहे. „त्स” म्हणजे चाक, चमचा यांतला च. हिंदी भाषकाला तो वेगळा कमवावा लागतो, तुम्हांला तो आयताच येतो. शेवटचे „त्स्”, „ज्” यांच्यामागे इ-ची नुसती चाहूल असते.

„द्रागऽ द्वाम्नऽ मारिया, द्राज् कोलेज्, दे दोवझेच शि दोय दे आन्, किन्द से स्त्रिकऽ चेवा इन लाबोरातोर, चिनेवा स्पुने: सो इन्त्रेबऽम पे द्वाम्ना मारिया! यार दुम्न्यावोआस्त्रऽ रस्पुन्देत्स् मेरेउ ला फेल: लासऽ कऽ रेझोल्वऽम! शि क्यार रेझोल्वात्स्.

इन प्रिमा म्या यार्नऽ ला तिमिश्वारा म्यात्स् आदूस उन बोर्कान दे झाकुस्कऽ, फीन्दकऽ आफ्लासेरत्स् कऽ नु मनिन्क कार्ने. दे आतुन्च् नु माम माय सिम्त्सीत स्त्रइन.

आकुम येशित्स् ला पेन्सिये. वऽ मुल्त्सुमीम, द्वाम्नऽ मारिया, कऽ आत्स् फोस्त मेरेउ आतेन्तऽ कु नोय. वऽ दोरीम सनताते शि तिम्प पेन्त्रु ग्रदीनऽ, यार उशा न्वास्त्रऽ वऽ रमिने देस्कीसऽ. सऽ ने त्रइत्स्! नोरोक!”

„किन्द”, „मनिन्क”, „रमिने” यांतली इ खरी इ नाही. ओठ इ-साठी पसरलेले आणि जीभ उ-साठी मागे, असा तो स्वर आहे. नाही जमला तर इ म्हणा, अर्थ पोचतो.

विरामचिन्हांत तुमच्या मसुद्याची मोठी उणीव संबोधनाची. „वऽ मुल्त्सुमेस्क द्वाम्ना मारिया पेन्त्रु” यात नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. वाक्याच्या मधे कोणाला हाक मारली की ती हाक दोन स्वल्पविरामांत बंद करायची, एकाने भागत नाही. रोमानियन शाळेत हे पक्के घोटून घेतात, त्यामुळे कार्ड वाचणाऱ्याला ते लगेच खुपते. सुरुवातीला हाक असेल तर नंतर एक पुरतो. त्याचबरोबर „द्रागा”चे „द्रागऽ” झाले आहे ते पाहा. हाक मारताना शेवटचा निश्चिततेचा आ जातो, आणि द्रागऽ-नंतर „द्वाम्नऽ”. पण „मारियाबाईंना विचारू” यात बाईंबद्दल बोलणे आहे, हाक नाही, म्हणून तिथे „द्वाम्ना” राहिले.

„यार”, म्हणजे आणि-पण यांच्या मधला जो जोडशब्द, त्याच्या आधी वाक्याच्या मधे स्वल्पविराम येतो. „शि” म्हणजे साध्या आणि-च्या आधी येत नाही, म्हणून „आरोग्य आणि वेळ” या जोडीत तो नाही.

छोटी आडवी रेघ सोडू नका. `mi-ați`, `m-am`, `s-o` यांतली रेघ शोभेची नाही. ती सांगते की हे दोन शब्द एका दमात, एकच शब्द असल्यासारखे वाचायचे. म्हणूनच वर मी „मि आत्स्” न लिहिता „म्यात्स्” लिहिले. अवतरणचिन्ह खाली उघडते आणि वर बंद होते, जसे या उत्तरात दिसते आहे. „द्वाम्ना”चे संक्षेप, „दुम्न्यावोआस्त्रऽ”चे तीन अक्षरी रूप, ही पत्रव्यवहाराची सोय आहे. भेटकार्डावर पूर्ण शब्द लिहा, आणि वाक्याच्या मधे `doamnă` छोट्या अक्षरानेच.

अक्षरांवरच्या खुणांचे मात्र मनावर घ्या. घाईच्या निरोपांत रोमानियन लोकही त्या गाळतात, पण छापील कार्डावर गाळलेल्या खुणा बेफिकिरी दाखवतात. `vă` म्हणजे तुम्हांला, `va` म्हणजे भविष्यकाळाचे साहाय्यक क्रियापद. `să` हा „असे होवो” म्हणणारा शब्द, `sa` म्हणजे त्याची किंवा तिची. दुसरे असे की `ș` आणि `ț` यांच्या खाली सुटा स्वल्पविराम असतो. तुर्की अक्षरासारखी चिकटलेली शेपटी (`ş`, `ţ`) जुन्या संगणकांमुळे पसरली आणि अजून बऱ्याच मजकुरांत राहिली आहे. काही फाँटमध्ये दोन्हींची सरमिसळ होऊन अक्षरे वेगळ्या जाडीची दिसतात. छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरे मोठी करून पाहा. विंडोजवर कीबोर्ड `Romanian (Programmers)` निवडला तर नेहमीची अक्षरे जागेवर राहतात आणि `AltGr` दाबून `s`, `t`, `a`, `i` वर खुणांची अक्षरे मिळतात. `â` मात्र `q` वर आहे.

या `â`बद्दल एक गोष्ट. कार्ड तपासायला एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला दिलेत आणि त्यांनी `când` खोडून `cînd` केले, तर गोंधळू नका. 1993 मध्ये रोमानियन अकादमीने शब्दाच्या मधे `â` आणि सुरुवातीला-शेवटी `î` असा नियम आणला. त्याआधी शाळा शिकलेल्यांच्या हाताला जुने वळण आहे. कार्डावर नवेच ठेवा.

शेवटच्या ओळीबद्दल. „सनताते!” आणि „नोरोक!” दोन्ही ग्लास टेकवताना म्हणतात. „ला मुल्त्स् आन्” वाढदिवस, नामदिन आणि नववर्षाचे. कोणी उत्साहात तेही म्हणेल, तुम्ही सुरुवात त्याने करू नका. „सऽ ने त्रइत्स्” मी मुद्दाम घातले आहे. त्यातला „ने”, आम्हांला, काढला तर „सऽ त्रइत्स्” उरते, आणि ती लष्करातली-पोलिसांतली वरिष्ठांना ठोकायची सलामी होते. „ने” आला की „आमच्यासाठी जगा” असा मायेचा भाव येतो. मोठ्या माणसाला म्हणायला याहून बरे रोमानियनमध्ये मला सुचत नाही. त्यानंतर क्षणभर थांबा, मग „नोरोक” जरा मोठ्याने. बाकीचे तोच शब्द परत म्हणतील. पहिला ग्लास बाईंच्या ग्लासाला टेकवा आणि टेकवताना त्यांच्या डोळ्यांत पाहा. दारू घेत नसाल तर रसाचा ग्लास चालतो.

कार्डाबरोबर फुले नेणार असाल तर विषम संख्येत घ्या, पाच किंवा सात. सम संख्या इथे अंत्यविधीसाठी असते. फुलवाल्या बाई बहुधा स्वतःच विचारतील, पण दुकानातून तयार गुच्छ उचललात तर मोजून घ्या.

हे मोठ्याने वाचून बघा, सावकाश वाचले तरी एका मिनिटाच्या आसपास होते. लांबवायचे असेल तर बाईंचा दुसरा एखादा खरा प्रसंग घाला, विशेषणे नकोत. आणि तुमच्या जागी एखादी स्त्री बोलणार असेल, तर दुसऱ्या परिच्छेदातला शेवटचा शब्द `străină` होईल.